पहिल्या बिऱ्हाडासाठी चार ओळी

गेल्या कार्तिकात माझी एक मैत्रीण कर्वेनगरला भाड्याच्या घरात राहायला गेली. स्वतःच्या नावावर घर घेऊन राहण्याची तिची ही पहिलीच वेळ. एक खोली, स्वयंपाकघर, न्हाणीघर आणि एक खुर्ची टाकून बसता येईल एवढी गॅलरी. दुसरा मजला, लिफ्ट नाही. त्याआधी सहा वर्षं ती सदाशिव पेठेत ‘कॉट बेसिस’वर राहिली. पुण्याबाहेरच्या वाचकांना सांगायचं तर, एका खोलीत चार कॉट, त्यातली एक आपली, कपाटाचा एक कप्पा आपला. स्वयंपाक करायला मनाई, जेवण डब्याचं, आणि रात्री दहाला फाटकाला कुलूप.

ती राहायला गेली त्या दिवशी मी सामान चढवायला होते. संध्याकाळी घरी आले आणि तिला शुभेच्छांच्या चार ओळी लिहायला बसले. दोन ओळींतच लक्षात आलं, की आपल्याकडे नव्या घराच्या शुभेच्छांची जी भाषा आहे, ती घर विकत घेणाऱ्यांसाठी घडलेली आहे. पहिल्यांदा भाड्याने राहायला जाणाऱ्या माणसाला ती लागू पडत नाही. शहरात येऊन राहणाऱ्या किती मुलामुलींच्या आयुष्यात हा दिवस येतो! त्यांना जवळच्या माणसाने काय लिहावं, हे मी त्या संध्याकाळी तीन कागद वाया घालवून शोधलं. ते इथे सविस्तर मांडते.

माझा पहिला मसुदा असा होता: ‘नवीन वास्तूत पदार्पण केल्याबद्दल हार्दिक अभिनंदन! ही वास्तू तुला सुख, शांती, समृद्धी आणि ऐश्वर्य देवो. लवकरच तुझं स्वतःचं घर होवो, हीच ईश्वरचरणी प्रार्थना. मग, पार्टी कधी?’

असे संदेश आपण सगळेच पाठवतो. त्यामागचा भाव खराच असतो. पण एकेक वाक्य उचलून त्या दुसऱ्या मजल्यावरच्या खोलीत ठेवून बघितलं, की ते तिथे बसत नाही हे दिसतं.

‘वास्तू’पासून सुरुवात करू. वास्तुशांत करतो तो घराचा मालक. होमहवन होतं, घराच्या आग्नेय कोपऱ्यात वास्तुपुरुषाची प्रतिमा पुरतात, आणि मग घरात जे बोलाल त्याला वास्तुपुरुष ‘तथास्तु’ म्हणतो, म्हणून घरात वाईट बोलू नये असं थोरली माणसं सांगतात. भाडेकरूला फरशी उकरता येत नाही. ती मालकाची असते. माझ्या मैत्रिणीच्या आईने काय केलं, तर गावाहून आणलेली देवाची छोटी तसबीर ओट्याच्या कोपऱ्यात ठेवली, पाण्याची भरलेली कळशी आणि मिठाची पुडी आधी आत नेली, आणि नव्या गॅसवर दूध उतू घातलं. पंधरा मिनिटांत सगळं झालं. त्या पंधरा मिनिटांना ‘वास्तूत पदार्पण’ म्हटलं, की समोर मांडव दिसतो, आणि ती कळशी मात्र नाहीशी होते.

आपल्या भाषेत या घरासाठी एक नेमका शब्द आहे: बिऱ्हाड. पुण्याच्या वाड्यांमध्ये मालक वेगळे आणि बिऱ्हाडकरू वेगळे असत. बिऱ्हाड दुसऱ्याच्या घरात असतं, पण ते ‘थाटायचं’ असतं, आणि थाटणारा आपणच. घर मालकाचं आणि संसार आपला, ही गोष्ट तो एक शब्द बरोबर सांगतो. ‘बिऱ्हाड थाटलंस’ असं मैत्रिणीला म्हणण्यात जो आपलेपणा आहे, तो ‘पदार्पणा’त नाही. मात्र ‘विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर’ ही म्हण या दिवशी कुणी काढू नये. सामान नुकतंच उतरवलेल्या माणसाला ते पुन्हा उचलायचं आहे याची आठवण करून देण्याचा तो दिवस नव्हे.

‘ऐश्वर्य’ आणि ‘समृद्धी’ हे शब्द वाईट नाहीत, पण ते फार लांबचे आहेत. तिला त्या दिवशी काय हवं होतं? गाढ झोप हवी होती. सकाळी सहा ते आठच नळाला पाणी येतं, तेवढ्यात भरून ठेवायची सवय लागायला हवी होती. समोरच्या दारातल्या आजींशी ओळख व्हायला हवी होती. ज्या गोष्टी त्या घरात खरोखर घडू शकतात, त्यांचीच शुभेच्छा दिली तर ती पोचते.

आता तिसरं वाक्य: ‘लवकरच तुझं स्वतःचं घर होवो.’ मला यावर जरा थांबायचं आहे, कारण या संदेशात सगळ्यात जास्त दुखवणारं वाक्य हेच आहे आणि लिहिणाऱ्याला ते कधीच कळत नाही. आपण आशीर्वाद म्हणून लिहितो. वाचणाऱ्याला ऐकू येतं ते असं, की हे काही खरं घर नाही. खरं पुढे आहे. हा मधला थांबा. तिने ते घर मिळवायला तीन महिने घालवले होते. एकटी मुलगी म्हणून कुणी नाही म्हणालं, कुणी आईवडिलांना आणून भेटवा म्हणालं, कुणी फोनवर आडनाव विचारून नंतर फोनच उचलला नाही. तेवढं सोसून जी किल्ली हातात आली, तिच्याबद्दल बोलायचं सोडून आपण पुढच्या किल्लीबद्दल बोलतो. आणि ज्याला स्वतःचं घर आयुष्यात परवडेल की नाही याची खात्री नाही, त्याला तर हा आशीर्वाद दर वेळी टोचतो.

कायद्याने पाहिलं तरी भाड्याचं घर तात्पुरतंच असतं, हे तिला कुणी सांगायला नको होतं. महाराष्ट्रात आज बहुतेक घरं ‘लिव्ह अँड लायसन्स’ करारावर मिळतात. त्यात जागा वापरण्याची परवानगी मिळते, जागेत हक्क निर्माण होत नाही. १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्यानुसार हा करार लेखी हवा आणि त्याची नोंदणी व्हायला हवी. मुदत बहुतेक वेळा ११ महिन्यांची. तिनं तो करार पान न् पान वाचून सही केली होती. ११ महिन्यांनंतर काय, हा प्रश्न तिच्या डोक्यात आधीच होता. शुभेच्छांच्या चिठ्ठीने निदान ती एक संध्याकाळ तो प्रश्न बाजूला ठेवायला मदत करावी, असं मला वाटलं.

आणि ‘पार्टी कधी?’ याचं उत्तर तिच्या वहीतच होतं. भाडं १२,००० रुपये. डिपॉझिट तीन महिन्यांचं, म्हणजे ३६,०००. एजंटला एक महिन्याचं भाडं, १२,०००. टेम्पो आणि हमाली ३,५००. कराराच्या खर्चातला तिचा वाटा १,२००. म्हणजे पहिला चहा होण्याआधीच ६४,७०० रुपये गेले होते, आणि अजून गादी घ्यायची होती. त्या आठवड्यात ज्याने ज्याने ‘पार्टी कधी?’ विचारलं, त्याला तिने हसऱ्या चेहऱ्याचं चित्र पाठवलं आणि मनातल्या मनात पुन्हा हिशेब केला. हे तिने मला नंतर सांगितलं. सहज विचारलेल्या प्रश्नाचंही ओझं होतं, आणि मित्रांनी विचारलं की ते जास्त होतं, कारण त्यांना नाही म्हणता येत नाही.

तर तो कागद मी बाजूला ठेवला आणि दुसरा घेतला. या वेळी मी सगळं खरं लिहिलं. घर शोधताना तिला किती वेळा नकार आला, एका सोसायटीत आम्ही दोघी कशा जिन्यावरून परत फिरलो, त्या रात्री ती कशी गप्प होती, आणि म्हणून आज मला तिचा किती अभिमान वाटतो. दीड पान झालं. लिहिताना माझे डोळे भरून आले. मग मी ते मोठ्याने वाचलं आणि अडखळले.

कारण शुभेच्छांची चिठ्ठी त्या दिवशी एकटं माणूस वाचत नाही. घरात तिची आई होती, धाकटा भाऊ होता. आई विचारणार, ‘काय लिहिलंय गं तिने?’ आणि ही वाचून दाखवणार. तिने घरी सांगितलेलंच नव्हतं की आडनाव ऐकून फोन बंद झाले होते. माझ्या प्रेमळ पत्राने तिचं गुपित तिच्या आईसमोर, नव्या घरातल्या पहिल्या संध्याकाळी उघडं केलं असतं. शिवाय त्या दीड पानात ‘मी’ अकरा वेळा आला होता. मला वाईट वाटलं, मला अभिमान वाटला, मी तेव्हाच म्हणाले होते. पत्र तिच्या घराबद्दल होतं आणि खोलीभर मीच बसले होते.

यावरून मी एक साधी खूण ठेवली आहे. कठीण काळाचा उल्लेख करायचा असेल तर एकच वाक्य, आणि तेही असं की ज्याला माहीत आहे त्याला कळेल, ज्याला माहीत नाही त्याला प्रश्न पडणार नाही. दुसरी खूण म्हणजे नाव बदलून बघायचं. हाच मजकूर कोथरूडला तीन खोल्यांचा फ्लॅट विकत घेणाऱ्या मामेभावाला जसाच्या तसा पाठवता येत असेल, तर तो या मैत्रिणीसाठी लिहिलेलाच नाही.

मग काय लिहायचं? मी डोळे मिटून त्या दिवशी पाहिलेल्या गोष्टी आठवत गेले. कडप्प्याचा ओटा, त्याची एक कड फुटलेली. स्वयंपाकघराच्या खिडकीला लागून शेवग्याचं झाड, पांढऱ्या फुलांनी भरलेलं. आधीच्या भाडेकरूच्या मुलाने कपाटाच्या दारावर चिकटवलेली मोटारींची चित्रं. आणि एक क्षण: दूध उतू घालून झाल्यावर आई म्हणाली, चहा टाक, आणि हिला चहाचं पातेलं सापडेना. चार खोकी उघडली. पाचव्यात, स्वेटरमध्ये गुंडाळलेलं सापडलं. ते हातात घेऊन ती जी हसली, तशी हसताना मी तिला सहा वर्षांत पाहिलं नव्हतं. कॉट बेसिसवर तिला चहा हवा झाला की टपरी उघडी असावी लागे.

एवढं मिळालं तेव्हा चिठ्ठी लिहायला दहा मिनिटं लागली. तिच्या परवानगीने इथे देते, नावं तेवढी गाळली आहेत.

‘प्रिय —,

आज तुझ्या ओट्यावर पहिला चहा झाला. पाचव्या खोक्यात पातेलं सापडल्यावर तू हसलीस, ते डोळ्यांपुढून जात नाही. सहा वर्षं तू दुसऱ्यांच्या वेळेला जेवलीस आणि दुसऱ्यांच्या वेळेला दिवा मालवलास. आता रात्री अकराला चहा प्यावासा वाटला तर कुणाला विचारायचं नाही, याचा मला फार फार आनंद आहे.

खिडकीतला शेवगा छान आहे. शेंगा लागल्या की आमटी करू, डाळ मी आणीन. या घरात तुला गाढ झोप लागो, आणि कुलूप उघडताना रोज बरं वाटो.

तुझी —

ता. क. शनिवारी सकाळी दहाला पडदे लावायला येते. दांड्या आहेतच, उंची तेवढी मोजून घेऊ. नको असेल तर नुसतं ‘नको’ लिही.’

यात काय आहे आणि का आहे, ते सांगते. पहिलं वाक्य त्याच दिवशी घडलेलं आहे. अभिनंदन हा शब्द कुठेच नाही, पण आनंद आहे. जुने दिवस एका वाक्यात आले, तेही जेवण आणि दिवा यांच्यापुरते. नकार, आडनाव, जिना, यांतलं काही नाही. शेवग्याच्या आमटीत मी स्वतःला जेवायला बोलावून घेतलं आहे, हे खरं. पण ते शेंगा धरतील तेव्हा, म्हणजे दोन-तीन महिन्यांनी, आणि डाळ माझी. त्यात एक गोष्ट आपोआप सांगून होते, की तू तोवर इथेच आहेस आणि मी येत राहणार आहे. ११ महिन्यांचा उल्लेखही न करता पुढचे महिने त्या वाक्यात येतात. शुभेच्छा दोनच आहेत आणि दोन्ही त्या खोलीत मावतात.

ताजा कलम मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. जुन्या पत्रांत ‘कळावे, लोभ असावा’ झाल्यावर खाली ‘ता. क.’ लिहून खरी कामाची गोष्ट येत असे. आपण आज लिहितो, ‘काहीही लागलं तर सांग हं.’ हे वाक्य मनापासूनचं असतं, पण त्यात सगळं काम समोरच्याला करावं लागतं: काय लागतंय ते ठरवायचं, मागायचा संकोच गिळायचा आणि फोन करायचा. नव्या घरात गेलेल्या माणसाने असा फोन केलेला मी अजून पाहिलेला नाही. वार, वेळ आणि काम ठरवून सांगितलं, आणि नको म्हणायची वाट मोकळी ठेवली, तर होकार एका शब्दात येतो. काम मात्र आपल्याला खरोखर जमणारं आणि त्या घरात चालणारं हवं. मी आधी लिहिणार होते, की भिंतीवर फळ्या ठोकून देते. मग आठवलं, करारात भिंतीला खिळा मारायला बंदी होती. भोक पडलं तर डिपॉझिटमधून पैसे कापणार. दांड्या मालकांनी आधीच लावलेल्या होत्या, म्हणून पडदे.

भेटवस्तूलाही हेच लागू आहे. घड्याळ, तसबीर, भिंतीवरचा शोभेचा नग, हे सगळं खिळा मागतं. जड मूर्ती किंवा काचेचं मोठं भांडं पुढच्या टेम्पोत गुंडाळून न्यावं लागतं. मी तिला स्टीलचा मिसळणाचा डबा दिला. आपल्याकडे रिकामं भांडं देऊ नये म्हणतात, म्हणून सातही वाट्या भरल्या: मोहरी, जिरं, हळद, तिखट, धणेपूड, मेथ्या आणि मधल्या वाटीत हिंगाची लहान डबी. चिठ्ठी घडी करून झाकणाखाली ठेवली. फोनवर पाठवली असती तरी चाललं असतं, शब्द तेच राहिले असते. पण फोनवर त्या दिवशी तिला कार्यालयातल्या पन्नास जणांचे तेच ते गुच्छ आणि दिव्यांची चित्रं आलेली होती, आणि त्यात माझा मजकूर वर सरकून गेला असता. फोनवरच पाठवायचा असेल तर पहिल्या दिवशीची संध्याकाळ टाळावी. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी, पाहुणे गेल्यावर, घर पहिल्यांदा शांत होतं. आई गावी परतलेली असते, नव्या छपराखाली एकटीने काढायची पहिली रात्र समोर असते. त्या वेळी आलेले चार शब्द माणूस दोनदा वाचतो.

प्रत्येक भाड्याच्या घरामागे आनंदच असतो असंही नाही. काही वर्षांपूर्वी एक जुना मित्र संसार मोडल्यावर धायरीला एका खोलीत राहायला गेला. त्यालाही ते पहिलंच भाड्याचं घर होतं. तिथे ‘अभिनंदन’ लिहिणं क्रूर झालं असतं आणि सांत्वन केलं असतं तर त्या खोलीला आपणच दुःखाची खोली ठरवलं असतं. मी त्याला तेव्हा लिहिलं होतं, की गॅलरीतून डोंगर दिसतो असं तू म्हणालास, रविवारी सकाळी तो दाखव, पोहे मी घेऊन येते. घराबद्दल एवढंच. बाकीचं त्याने त्या रविवारी स्वतःहून, हवं तेवढंच सांगितलं. ज्या घराकडे बघण्याचं बळ माणसात अजून आलेलं नाही, त्याबद्दल आपण त्याच्या पुढे जाऊन बोलू नये. त्याला जे एक बरं दिसलं, तेवढंच हातात धरावं.

माझ्या मैत्रिणीने तो डबा त्या रात्रीच उघडला, पण आई शेजारी असल्यामुळे चिठ्ठी तिने दोनदा वाचली, एकदा मोठ्याने आणि एकदा नंतर गॅलरीत. हळदीच्या वाटीचं झाकण सैल होतं, कागदाचा एक कोपरा पिवळा झाला. दुसऱ्या दिवशी सकाळी सव्वासहाला, पाणी भरताना, तिचं उत्तर आलं: ‘ये. उंची काल रात्रीच मोजली, सात फूट. येताना आलं आण, चहाला.’